एकच ओळ बदलायची आहे, पण खोली जुळत नाही

पळसफूल · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आम्ही चार पोरांनी मिळून चौदा मिनिटांची एक फिल्म केली. चित्रीकरण आर्णी तालुक्यातल्या आमच्या गावी, मे महिन्यात, आबाजींच्या जुन्या घरात. मातीच्या भिंती, वर कवेलू, खाली सारवलेली जमीन. काम केलं आमच्याच मोठमायनं. तिनं आयुष्यात पहिल्यांदा कॅमेरा पाहिला, आणि आम्हां सगळ्यांपेक्षा भारी काम केलं.

अडचण एका ओळीची आहे. मुलगा वावर विकायचं म्हणतो, तेव्हा ती चुलीजवळून म्हणते, "सातबाऱ्यावर माहं नाव हाये, तुह्या बापाचं नाई." फिल्मचा कणा हीच ओळ. टेक ४ मध्ये चेहरा, डोळे, सगळं जमून आलंय, पण शब्द गिळले गेले. "सात" नीट येतं, मग "बाऱ्यार मान्नावे" असं काहीतरी, आणि "तुह्या बापाचं नाई" पुन्हा खणखणीत. नागपूरच्या दोन मित्रांना दाखवलं, दोघांनीही विचारलं, काय म्हणाली ती?

मोठमाय आता हिंगणघाटला लेकीकडे आहे. तिथं जाऊन तीच ओळ मोबाईलवर रेकॉर्ड करून आणली. शब्द एकदम साफ. पण फिल्ममध्ये टाकली तर वाटतं, मोठमाय चुलीपाशी बसली आहे आणि तिचा आवाज कोणाच्या तरी न्हाणीघरातून येतोय. इको कमी केला, बास वाढवला, काही होत नाही. काय करू?

---

नागपुरी_तर्री · सोमवार, रात्री १०:०५

सोपं आहे भाऊ. त्या घरातला रूम टोन घ्या, म्हणजे कोणी बोलत नसतानाचा आवाज, आणि पूर्ण सीनच्या खाली अंथरून टाका. सांधा दिसणार नाही. वरून थोडा रिव्हर्ब. मी लग्नाच्या व्हिडिओत हेच करतो, दहा मिनिटांचं काम.

---

कीर्तनकाका · सोमवार, रात्री १०:३२

आमच्या मंदिराच्या अँप्लिफायरला पण असाच त्रास आहे. माईक लावला की घरघर येते. महाराजांचे शब्द ऐकू येत नाहीत. मुलगा म्हणतो वायर बदला. यावर काही उपाय?

---

पळसफूल · सोमवार, रात्री १०:५०

काका, तुमचं वेगळं प्रकरण आहे, अर्थिंग पाहून घ्या आधी.

तर्रीभाऊ, करून पाहिलं. अख्खा सीन घरघरायला लागला, आणि मोबाईलवाली ओळ तरी वेगळीच राहिली.

---

रानहळद · सोमवार, रात्री ११:३०

तर्रीभाऊंचं अर्धं बरोबर आहे. रूम टोन लागणार, पण सगळ्यांच्या खाली नाही. टेक ४ मध्ये त्या खोलीचा आवाज आधीच भरलेला आहे. त्यावर तेवढ्याच पातळीचा दुसरा तुकडा टाकला की एकूण गोंगाट ३ डीबीनं चढतो. म्हणजे जिथं खोली आहे तिथं तुम्ही दोन खोल्या केल्या, आणि मोबाईलच्या ओळीखाली एक. फरक होता तिथंच राहिला. टोन फक्त भोकं बुजवायला वापरायचा, जिथं खोली नाहीच तिथं.

मोबाईलचं रेकॉर्डिंग सध्या बाजूला ठेवा. ते दोन कारणांनी वाईट आहे. एक, हिंगणघाटचं घर स्लॅबचं असणार. स्लॅबचा घुमारा आवाजात मुरला आहे, तो तुम्ही वर काहीही टाकलं तरी खाली राहतो. खोलीचा आवाज चढवता येतो, उतरवता येत नाही, निदान साफपणे नाही. दुसरं, बहुतेक मोबाईल स्वतःच पातळी खालीवर करतात आणि शब्दांच्या मधला गोंगाट गिळतात. म्हणून ती ओळ हवेत लटकल्यासारखी वाटते.

आता माझे प्रश्न. एकूण टेक किती आणि बाकीच्या टेकमध्ये ही ओळ कशी आहे? माईक कोणता, तोंडापासून किती लांब? आणि तो घरघरणारा आवाज कशाचा? कुलर चालू होता का?

(मी १२ वर्षं मुंबईत मालिकांचं डायलॉग एडिटिंग केलं. आता वर्ध्याजवळ शेती आणि उरलेल्या वेळात हेच.)

---

पळसफूल · मंगळवार, सकाळी ७:१५

ताई, कुलर कसा ओळखला? मे महिना, ४५ डिग्री, मोठमाय म्हणे कुलर बंद केला तर मी उठून जाईन. म्हणून ओसरीत चालू ठेवला. आम्ही म्हटलं, सगळ्या टेकमध्ये सारखाच येईल, मग काय फरक पडतो.

टेक पाच. १ आणि ३ मध्ये ओळच विसरली. टेक २ मध्ये ओळ अगदी स्वच्छ, पण ती वाइड फ्रेम होती, माईक जवळ नेता आला नाही. साधारण पाच फूट. टेक ४ आणि ५ मध्ये माईक डोक्यावर अडीच फुटांवर. टेक ५ मध्ये शब्द साफ, पण ती "माहं नाव" ऐवजी "आपलं नाव" म्हणाली. आपलं म्हटलं की सीनच मेला. बूमवर शॉटगन माईक, वेगळा रेकॉर्डर, ४८ किलोहर्ट्‌झ. रूम टोन घेतला, पण ११ सेकंदच, आणि त्यातही कोणीतरी खोकलंय.

टेक २ आधीच लावून पाहिला होता. ओळ आली की कुलर अचानक मोठा होतो, ओळ संपली की लहान. म्हणून सोडून दिला.

---

रानहळद · मंगळवार, सकाळी ८:४०

टेक २ हेच तुमचं सोनं आहे. सोडू नका.

कुलर मोठा का होतो ते बघा. अडीच फुटांवरून पाच फुटांवर गेलं की तिचा थेट आवाज ६ डीबीनं पडतो. कुलर ओसरीत आहे, माईक तीन फूट इकडे सरकला काय किंवा तिकडे, कुलरला फरक पडत नाही. तुम्ही टेक २ मधली ओळ टेक ४ च्या पातळीला आणायला ५-६ डीबी उचलली असणार. तिच्याबरोबर कुलरही तेवढाच उचलला गेला. दीड सेकंद.

तुकड्यातला गोंगाट तेवढाच खाली आणायचा, जेवढा तुम्ही उचलला. पूर्ण काढायचा नाही. ऑडासिटी असेल तर टेक २ मधल्याच शांत जागेतून प्रोफाइल घ्या आणि `Noise Reduction` मध्ये ६ ठेवा. लोक तिथं २० ठेवतात, मग आवाज पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो.

पण त्याच्या आधी ठरवा, तुकडा किती मोठा. पूर्ण ओळ बदलू नका. "सात" टेक ४ चंच ठेवा. "तुह्या बापाचं नाई" पण टेक ४ चंच. मधलं "बाऱ्यावर माहं नाव हाये" एवढंच टेक २ मधून. दोन्ही बाजूंना मूळ आवाज असला की कानाला तीच बाई, तीच खोली वाटत राहते.

आणि आपल्या भाषेनं तुम्हाला फुकटात दोन चांगल्या जागा दिल्या आहेत. "सातबारा" म्हणताना त आणि ब च्या मध्ये तोंड क्षणभर बंद असतं. त सुटतच नाही, सरळ ब चे ओठ मिटतात. लहरीत तिथं एक छोटा खड्डा दिसेल. तिथं कापा. दुसरा कट "तुह्या"च्या त आधीच्या खड्ड्यात. "सातबाऱ्यावर" आणि "माहं"च्या मध्ये कापायच्या फंदात पडू नका. र आणि म दोन्ही सुरात आहेत, आवाज थांबतच नाही, तिथं सांधा हमखास ऐकू येतो.

---

झाडीपट्टी_नाद · मंगळवार, दुपारी १:१०

ताई बरोबर बोलल्या जी. आमचा अनुभव सांगतो. आमच्या मंडळीचं नाटक दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेच्या, दिवसांत गावोगावी असते. एका गावच्या प्रयोगाची रेकॉर्डिंग चांगली आली, पण नायकाची एक ओळ भोंग्याच्या कुईकुईत गेली. दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावी तोच प्रयोग, तोच नट, तीच ओळ. उचलली आणि बसवली. पण पहिल्या गावी प्रेक्षक गच्च, दुसऱ्या गावी पाऊस झाला होता म्हणून कमी. मागची कुजबुजच वेगळी. शेवटी सांध्यावर आर्गनचा एक ठोका टाकला, झाकून गेलं. मोठमायच्या सीनमध्ये भांडं पाडा चुलीपाशी, काम तमाम.

---

रानहळद · मंगळवार, दुपारी १:५०

भांडं चालतं, पण एका सांध्याला. दोन सांधे, दोन भांडी असं झालं की लोकांना वाटेल म्हातारीचा हातच थरथरतो. आणि चित्रात भांडं नसेल तर आवाज कशाचा? शेवटचा उपाय म्हणून ठेवा.

---

पळसफूल · मंगळवार, रात्री ९:२०

केलं. पहिला सांधा इतका बेमालूम बसला की मलाच सापडेना. पण दोन भानगडी.

दुसऱ्या सांध्यावर, "हाये" आणि "तुह्या"च्या मध्ये, दोन म्हाताऱ्या एकदम बोलल्यासारखं होतं. आणि दुसरं, कुलरची पातळी जुळली तरी त्याचा सूर बदलतो. टेक ४ मध्ये "घूंऽऽ" असा खाली आहे, मधल्या तुकड्यात थोडा वरचा. मी वेडा झालो का? कुलर तर एकच होता.

---

सखू_कम्युनिटी_रेडिओ · मंगळवार, रात्री ९:४५

वेडे नाही झालात. व्होल्टेज! दुपारी तीननंतर आमच्याकडे पंखा कसा रडत फिरतो ते आठवा. टेक २ आणि टेक ४ मध्ये किती वेळ गेला होता?

---

पळसफूल · मंगळवार, रात्री ९:५०

दीड तास. मध्ये जेवलो. मोठमायनं पंगतच मांडली होती.

---

रानहळद · मंगळवार, रात्री १०:३०

सखूताईंनी पकडलं. व्होल्टेज पडलं की कुलरचा पंखा हळू फिरतो, आणि पाती हवा कापताना जो सूर निघतो तो खाली येतो. खात्री करायची असेल तर दोन्ही टेकमधल्या शांत जागा निवडून `Plot Spectrum` पाहा. खालच्या बाजूला एक टोकदार शिखर दिसेल. ते कुठं आहे सांगा.

दोन म्हाताऱ्यांचं कारण मी न ऐकताच सांगते. तुमचा क्रॉसफेड, म्हणजे एक तुकडा मावळत दुसरा उगवतो तो पट्टा, लांब आहे. किती ठेवला?

---

पळसफूल · मंगळवार, रात्री १०:५५

क्रॉसफेड २०० मिलिसेकंद. मला वाटलं जितका लांब तितका मऊ.

शिखर टेक ४ मध्ये १०८ हर्ट्‌झवर, टेक २ मध्ये ११६ वर. म्हणजे खरंच.

---

रानहळद · मंगळवार, रात्री ११:४०

२०० मध्ये एक अख्खं अक्षर मावतं. दोन्ही टेकचा त, दोन्ही टेकचा श्वास, दोन्ही ऐकू येणार. आवाजाचा क्रॉसफेड ८ ते १० मिलिसेकंद, बस. खोलीचा क्रॉसफेड मात्र लांब, अर्धा ते पाऊण सेकंद. म्हणून दोन्ही एका ट्रॅकवर ठेवायचे नाहीत. वरच्या ट्रॅकवर बोलणं, खालच्या ट्रॅकवर खोली. बोलणं झटक्यात बदलतं, खोली सावकाश सरते.

आता कुलरचा सूर. इथं मोठमायचं बाई असणं आपल्या कामी येतं. तिच्या आवाजाचा खालचा सूर किती आहे पाहा, माझा अंदाज १८० च्या आसपास. म्हणजे १५० च्या खाली त्या तुकड्यात तिचं जवळजवळ काही नाहीच, जे आहे ते कुलरचं. मग तुकड्यातला १५० खालचा भाग पूर्ण काढून टाका: `High-Pass Filter`, १५०, `Roll-off` ४८ डीबी. उतार मंद ठेवला तर ११६ चा सूर तसाच उरतो.

त्यामुळं तिथं पोकळी पडेल. ती भरायची टेक ४ च्याच कुलरनं. टेक ४ मधून शांत जागा गोळा करा, मोठमाय बोलायच्या आधीची, मुलगा तिच्याकडे बघत थांबतो ती, जिथं मिळेल तिथली. त्यावर `Low-Pass Filter`, तेच १५०, तोच उतार. आता हा घूंऽऽ फक्त तुकड्याखाली लावा, दोन्ही टोकांना पाऊण सेकंद सावकाश आणत आणि नेत. तर्रीभाऊ, इथं मात्र अंथरायचं, कारण इथं आपण आधी जागा रिकामी केली आहे.

पुरुषाचा आवाज असता तर हे जमलं नसतं. त्याचा सूर १०० च्या आसपास, कुलरच्याच बोडक्यावर.

---

नागपुरी_तर्री · बुधवार, सकाळी ९:००

ताई, मानलं. पण एक विचारतो. शांत जागा दोन-तीन सेकंदांच्याच मिळतात. त्या एकामागे एक लूप केल्या तर चालेल ना? मी तेच करतो.

---

रानहळद · बुधवार, सकाळी ९:२५

इथं तुकडाच दीड सेकंदाचा आहे, दोन्ही टोकं धरून तीन सेकंद टोन पुरतो, लूप लागत नाही. पण मोठ्या भोकासाठी लूप करताना जपा. दोन सेकंदांच्या टोनमध्ये चिमणी एकदा चिवचिवली, तर दर दोन सेकंदांनी तीच चिमणी. प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण खटकतं. आणि रात्रीच्या सीनचा टोन वेगळ्या वेळेचा वापरू नका. रातकिडे थंडी वाढली की सावकाश किरकिरतात, संध्याकाळचे आणि पहाटेचे जुळत नाहीत.

---

वावरातला_वाचक · बुधवार, सकाळी ११:१५

एक वेगळा मुद्दा. काऊन एवढा खटाटोप? म्हातारी माणसं शब्द गिळतातच. आमची माय पण "मान्नावे"च म्हणते. नागपूरच्या पोराले नाई समजलं तर खाली पाटी टाका. ते ओठ टेक ४ चे, शब्द टेक २ चे, ही तर फसवणूक झाली.

---

सखू_कम्युनिटी_रेडिओ · बुधवार, सकाळी ११:४०

माहितीपट असता, मोठमायनं खरंच आपल्या वावराबद्दल सांगितलं असतं, तर मीही हात लावला नसता. पण ही लिहिलेली ओळ आहे आणि तिनंच ती दोनदा नीट म्हटली आहे. तिचाच शब्द, तिचाच आवाज.

---

वावरातला_वाचक · बुधवार, दुपारी १२:०५

मले अजून पटत नाई. पण चालू द्या.

---

पळसफूल · बुधवार, रात्री १०:१०

कुलर जुळला! डोळे मिटून चार वेळा ऐकलं, सूर हलत नाही. तिचा खालचा सूर १८० नाही, १९० च्या जवळ निघाला.

आता ओठांचं. टेक २ मध्ये ती सावकाश बोलली. तुकडा १.६२ सेकंदांचा, टेक ४ मध्ये जागा १.४८. चित्रात तेवढं थांबता येत नाही, लगेच मुलगा उठतो. सॉफ्टवेअरनं दाबून बसवला तर मोठमाय रोबोटसारखी वाटते.

आणि मधला भाग अजून थोडा "लांबून" येतो. कुलर जुळला, पण घर जास्त ऐकू येतं.

---

रानहळद · बुधवार, रात्री ११:००

०.१४ सेकंद म्हणजे तुकड्याचा जवळजवळ नऊ टक्के. दाबून बसवायचं असेल तर मी तीन-चार टक्क्यांच्या पुढं जात नाही. त्याऐवजी तुकड्याच्या आत बघा, ती कुठं थांबली आहे का. "नाव"नंतर किंवा "हाये"नंतर रिकामी जागा असेल, तिथून दहा-बारा शतांश सेकंद काढा. शब्द शाबूत राहतात. उरलेलं दाबा.

ओठांच्या बाबतीत एक लक्षात घ्या. आवाज उशिरा आला तर माणूस सोसतो, आधी आला तर लगेच खुपतो. २५ फ्रेमच्या फिल्ममध्ये एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. "बाऱ्या"चे ओठ उघडतात तिथं पाहा, आवाज त्याच फ्रेमवर किंवा एक फ्रेम उशिरा हवा.

"लांबून" येण्याचं काय. पाच फुटांवरच्या माईकमध्ये खोली जास्त शिरते, ती काढता येत नाही. थोडी लपवता येते. दिशा असलेला माईक जवळ गेला की खालचा भाग फुगतो, टेक ४ मध्ये तो थोडा असेल, टेक २ मध्ये त्याहून कमी. म्हणून तुकड्याला २०० ते ३०० च्या पट्ट्यात २-३ डीबी चढवा. त्यानं ती जरा जवळ येईल. पूर्ण नाही.

ती त्या क्षणी कुठं पाहत असते?

---

पळसफूल · बुधवार, रात्री ११:०८

"सात" म्हणताना मुलाकडे. मग वळून चुलीत काडी सारते. "तुह्या बापाचं" म्हणताना पुन्हा मुलाकडे.

---

रानहळद · बुधवार, रात्री ११:१५

मग कशाला जीव जाळता! वळलेल्या माणसाचा आवाज लांब आणि बोथटच यायला हवा. डोळ्याला पाठ दिसते, कानाला खोली येते. ते तसंच ठेवा. आणि पाठमोरी आहे म्हणजे ओठांचाही निम्मा प्रश्न मिटला.

---

झाडीपट्टी_नाद · गुरुवार, सकाळी ८:३०

समजा टेक २ नसतंच, तर काय केलं असतं जी? आमच्याकडं दुसरा टेक नावाची भानगडच नसते.

---

रानहळद · गुरुवार, दुपारी २:२०

मग मोठमायला पुन्हा त्याच घरी, त्याच जागी, त्याच माईकसमोर बसवलं असतं, आणि तिथंच एक मिनिट कोणी न खोकता टोन घेतला असता. घर पाडलं असेल किंवा ती येऊ शकत नसेल, तर हिंगणघाटलाच घ्यायचं, पण मेलेल्या खोलीत. आपल्याकडे त्याची सोय आहे. भाव वाढायची वाट पाहत ज्याच्या घरात कापूस साठवलेला असतो ती खोली. छतापर्यंत कापूस, आवाज भिंतीवरून परतच येत नाही. अंगाला खाज सुटते ते वेगळं.

अशा कोऱ्या आवाजाला मग जुन्या घराची खोली चढवता येते. मोठमाय बसली होती तिथं फुगा फोडायचा, माईक जिथं होता तिथंच लावून तो फट्ट आवाज रेकॉर्ड करायचा, कुलर बंद ठेवून. तो रीपरच्या `ReaVerb` मध्ये घातला की तुमच्या कोऱ्या ओळीला त्याच माती-कवेलूंचा घुमारा मिळतो. मातीच्या घराचा घुमारा तसा थोडाच असतो. तयार रिव्हर्ब लावला की हमखास जास्त होतो, बाई देवळात जाऊन बसते.

---

सखू_कम्युनिटी_रेडिओ · गुरुवार, दुपारी ३:००

यात एक भर. कुलर चालू असला की माणूस नकळत जोर लावून बोलतो. शांत खोलीत तीच ओळ घेतली की आवाज मऊ येतो, आणि पातळी वाढवून तो जोर येत नाही, कारण गळाच वेगळा लागलेला असतो. आम्ही पुन्हा रेकॉर्ड करताना हेडफोनमध्ये मूळ गोंगाट ऐकवतो. आजीबाई आपोआप ओरडून बोलतात. ओळ वाचायला द्यायची नाही. तिचीच जुनी ओळ तीन वेळा ऐकवायची आणि चौथ्यांदा म्हण म्हणायचं.

---

रानहळद · गुरुवार, दुपारी ३:१०

हे माझ्याकडून राहिलं होतं. मोबाईलच्या ओळीत मोठमाय "गोड" वाटत होती का हो, पळसफूल?

---

पळसफूल · गुरुवार, रात्री ८:४०

हो! मी म्हणत होतो हिंगणघाटला जाऊन ही निवांत झाली.

असो, ओळ बसली. "हाये"नंतरची ०.१० काढली, बाकी दाबली. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकली, कुठं काही नाही. मग हेडफोन लावले तर नवीन पाहुणा. टेक २ मध्ये बाहेर होला घुमत होता. पहिल्या सांध्यावर तो मधूनच सुरू होतो, "घु" नाही, नुसतं "घुघू". अर्धा होला.

---

रानहळद · गुरुवार, रात्री ९:३०

मोबाईल खालचं काही ऐकवतच नाही, हेडफोनच लावायचे. होल्यासाठी टेक २ मध्ये "बाऱ्या"च्या मागं जा. त्याचा पहिला "घु" जर ती बोलत नसताना आला असेल, तर तेवढाच उचला आणि खोलीच्या ट्रॅकवर "सात"च्या खाली हळूच सरकवा. होला पूर्ण झाला की प्रश्न मिटला.

---

पळसफूल · शुक्रवार, रात्री ११:५०

"घु" नेमका "सात" वरच होता, तिच्या आवाजात मिसळलेला. बराच वेळ झगडलो. शेवटी दुसऱ्या सीनमधला अख्खा होला आणून वर बसवला. थोडा जास्त जवळचा वाटतो, पण पूर्ण आहे.

आज नागपूरच्या त्याच दोन मित्रांना दाखवलं. एकाला काही खटकलंच नाही. दुसऱ्यानं हात वर केला, म्हणे एक शब्द तुम्ही नंतर घातलाय, मला ऐकू आलं. मी घाबरत विचारलं कोणता. म्हणे, "तुह्या बापाचं नाई."

---

वावरातला_वाचक · शनिवार, सकाळी ७:०५

त्याले होला नाई खटकला?

---

पळसफूल · शनिवार, सकाळी ७:३०

तो धरमपेठचा आहे. त्याला वाटलं कबुतर.

---

कीर्तनकाका · शनिवार, सकाळी ९:१५

अर्थिंग पाहिलं. वायरमन म्हणतो बरोबर आहे. घरघर तशीच आहे. कुलर मात्र मंदिरातही चालू असतो, त्याच बोर्डावर. तो बंद करून पाहू का?